चार तोंडांच्या स्लाइड: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

कीटकांच्या तोंडाची जुनी पेटी आज कपाटातून खाली काढली. सतरा स्लाइड निघाल्या. त्यातल्या नऊ सरळ टाकण्याजोग्या आहेत. बाल्सम काकवीसारखा पिवळा पडलाय, कव्हरस्लिपच्या कडेनं तडे गेलेत, आणि ‘माशीचे तोंड’ अशी चिठ्ठी असलेल्या स्लाइडमध्ये एक मोठा बुडबुडा सोडून काहीच दिसत नाही. त्या बुडबुड्याची आकृती काढून आजवर किती मुलं पास झाली असतील कोण जाणे.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकल सुरू होतात. तोवर नवा संच आपणच करायचा, असं ठरवलं. पुस्तकातले चार प्रकार घ्यायचे: चावणारं झुरळ, टोचून शोषणारा डास, टिपणारी घरमाशी, सोंडेनं ओढणारं फुलपाखरू. प्रत्येकाबरोबर एक टिपण जोडायचं, तो काय खातो आणि त्याच्या तोंडातून रोग कसा जातो. सोबतीला तिसऱ्या वर्षाचे दोघे आहेत. मुलीच्या घरी काटोलकडे संत्र्याची बाग आहे, मुलाच्या घरी गोठा. लॅबचे भाऊ साहजिकच आहेत. त्यांच्याशिवाय इथं काडेपेटीसुद्धा सापडत नाही.

५ ऑगस्ट

झुरळ एका दिवसात झालं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाऊंनी रात्री बरणी ठेवली होती, तळाशी पावाचा तुकडा आणि गळ्याला आतून व्हॅसलीन. सकाळी सहा झुरळं आत होती. डोकी कापून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकली, परीक्षानळी गरम पाण्यात धरली, पंधरा मिनिटांत स्नायू विरघळून कवच सुटं झालं. मग वॉच ग्लासमधल्या पाण्यात सुयांनी एकेक भाग वेगळा केला: वरचा ओठ, जबड्यांची जोडी, त्यामागची जंभिकांची जोडी, खालचा ओठ आणि मध्ये जिभेसारखी अधोग्रसनी.

हे पाच भाग मुलांकडून घोकून घेतले, कारण पुढचं सगळं यांच्यातूनच निघतं. डासाच्या सुया, माशीचा स्पंज, फुलपाखराची नळी यांतला एकही अवयव नवा नाही. याच भागांतला कुठला ताणला गेलाय, कुठला चिकटलाय, कुठला नाहीसा झालाय.

झुरळाचे जबडे आपल्यासारखे वरखाली होत नाहीत, अडकित्ता आडवा धरल्यासारखे डावी-उजवीकडून मिटतात. रोगाच्या बाजूनं इथं सांगण्यासारखं फार नाही. गटारातून ताटावर जाताना पायांना लागलेली घाण आणि विष्ठा, एवढ्यानंच ते जंतू नेतं. त्वचेत शिरायला त्याच्या तोंडात काहीच नाही.

९ ऑगस्ट

आजचा दिवस फुकट गेला, पण लिहून ठेवते.

काल संध्याकाळी मुलगा जाळी घेऊन होस्टेलच्या फाटकापाशी गेला. तिथं दिवेलागणीला डोक्यावर डासांचा थवा घोंघावतो. दोन फटक्यांत तेवीस डास आले. सकाळपासून आम्ही त्यांची सोंड सोलतोय, सहा सुया निघायला हव्यात आणि एकातही सहा निघत नाहीत. तीन-चार लुकडे धागे निघतात. तीन तास मी सुईला, हाताला आणि चष्म्याला दोष दिला.

मग भाऊ भिंगातून डोकावले आणि म्हणाले, “मॅडम, याच्या मिशा पाहा न जी, केवढ्या झुबकेदार.” झुबकेदार मिशा म्हणजे नर. तेवीसच्या तेवीस नर! संध्याकाळी उंचवट्यावर किंवा माणसाच्या डोक्यावर जो थवा नाचतो तो नरांचा असतो, तिथं माद्या फक्त जोडीपुरत्या येऊन जातात. नर रक्त पीत नाही, फुलातल्या मधावर जगतो, म्हणून त्याचे जबडे जवळपास उरलेलेच नाहीत आणि जंभिका खुरटलेल्या आहेत. शिकवताना हे मी दर वर्षी सांगते.

एक नर मात्र स्लाइडसाठी ठेवला. मादीच्या शेजारी लावला की मुलांना एका नजरेत कळेल.

१२ ऑगस्ट

माद्या मिळवायचा उपाय साधा आहे. पहाटे न्हाणीघराच्या अंधाऱ्या भिंतीवर पोट फुगवून बसलेल्या असतात, परीक्षानळी वर धरून आत घ्यायच्या. चौदा मिळाल्या, सगळ्या क्युलेक्स.

झुरळाची रीत इथं चालत नाही. गरम कॉस्टिकमध्ये डासाच्या सुया काचेसारख्या पारदर्शक होतात आणि दिसेनाशा होतात. पहिली चार डोकी अशीच वाया गेली. मग थंड कॉस्टिकमध्ये दोन तास ठेवून पाहिलं, ते जमलं. डोकं स्लाइडवर आडवं ठेवायचं, पाण्याचा एकच थेंब टाकायचा आणि सोंडेच्या पाठीवरच्या खाचेतून बारीक सुई बुडापासून टोकाकडे ओढायची. खालचा ओठ पन्हळीसारखा उघडतो आणि आतली जुडी बाहेर येते. नवव्या डोक्याला सहाही सुया हाताच्या बोटांसारख्या फाकल्या.

वरचा ओठ सर्वांत जाड आहे, खालून वळून त्याची नळी झाली आहे. रक्त यातून वर चढतं. जबड्यांची जोडी केसासारखी बारीक. जंभिकांच्या टोकांना करवतीसारखे दात, त्या आळीपाळीनं खाली सरकत जुडीला कातडीत ओढत नेतात. आणि अधोग्रसनी चपटी पट्टी, तिच्या मधोमध डोळे ताणल्यावरच दिसणारी एक अगदी बारीक नळी. लाळ त्या नळीतून खाली जाते.

म्हणजे नळ्या दोन आहेत. एकीतून रक्त वर, दुसरीतून लाळ खाली. मुलीला म्हटलं, ही रेघ वहीत ठळक कर, या अख्ख्या प्रकल्पात हीच महत्त्वाची आहे.

खालचा ओठ कातडीत जातच नाही. हे दाखवायला मी स्वतःचा हात पुढे केला आणि एक मादी बसू दिली. भिंगातून मुलांनी पाहिलं: सुया आत उतरत गेल्या तसा खालचा ओठ कोपरासारखा मागे वाकत गेला. त्याचं टोक मात्र कातडीवर टेकून सुयांना आधार देत होतं. दीड मिनिटात पोट लाल झालं आणि ती उडाली. मुलगा म्हणाला, “तुम्हाला दुखलं नाही?” दुखलं नाही, खाज नंतर आली. खाज सुईची नसते, लाळेची असते.

१४ ऑगस्ट

डासाची स्लाइड दुधाळ झाली. अल्कोहोलच्या पायऱ्या घाईत उरकल्या होत्या, आत पाणी राहिलं, झायलीन लागताच पांढरा ढग उठला. परत शुद्ध अल्कोहोलमध्ये नेऊन दोनदा बदललं, मग लवंग तेल, मग डीपीएक्स. वाचली. पण हात फिरवताना एक जबडा हरवला. आता त्या स्लाइडवर पाचच सुया आहेत, तशी नोंद चिठ्ठीवर केली.

२० ऑगस्ट

आज जागतिक डास दिन. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परोपजीवीच्या गाठी दिसल्या, त्याची ही तारीख. विभागात पोस्टर लागलं आहे. पोस्टरवर डास माणसाचं रक्त पितोय आणि बाणानं ‘दूषित रक्त दुसऱ्या माणसात’ असं दाखवलंय. मी ते उतरवायला लावलं.

कारण दूषित रक्त दुसऱ्यात जातच नाही. रक्ताच्या नळीतून प्रवाह वरच असतो. सिकंदराबादेत रॉसना परोपजीवी जठरापर्यंत सापडला, तिथून तो माणसात परत कसा येतो हा प्रश्न उरलाच होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना उत्तर मिळालं. गाठी फुटल्यावर त्यातले सुईसारखे जंतू डासाच्या अंगभर पसरतात आणि लाळग्रंथीत जमतात. अशा डासांनी चावल्यावर निरोगी चिमण्या आजारी पडल्या. परोपजीवी वर चढतो वरच्या ओठातून आणि उतरतो अधोग्रसनीतून. मधल्या प्रवासाला, हवेच्या उष्म्याप्रमाणे, दहा-बारा दिवस किंवा जास्तही लागतात. त्याआधी तोच डास चावला तर मलेरिया होत नाही.

एचआयव्ही डासामुळे का होत नाही, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर याच आकृतीत आहे. तो विषाणू रक्ताबरोबर जठरात जातो आणि तिथं पचतो. लाळग्रंथीपर्यंत जायची वाट त्याला माहीत नाही, आणि लाळेच्या नळीत रक्त कधी येतच नाही.

पोस्टरवाला मुलगा नाराज झाला. बाण त्यानं खूप मेहनतीनं काढला होता.

२८ ऑगस्ट

आमचे डास क्युलेक्स आहेत, म्हणजे विदर्भात हत्तीरोग नेणारे. भाऊंच्या मावशीचा पाय हत्तीसारखा होता. ते सांगत होते, त्यांच्या लहानपणी गावात रात्री दहाला माणसं यायची, लोकांना उठवून बोटातून रक्त घ्यायची, आणि लोक चिडायचे की हे काय दिवसा करता येत नाही? नाही येत. इथल्या हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, नेमक्या क्युलेक्सच्या जेवणाच्या वेळी.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल. मलेरियाचे जंतू लाळेच्या नळीतून सहज मावून जातात. हत्तीरोगाची तयार अळी सुमारे दीड मिलिमीटर लांब असते, म्हणजे जवळजवळ सोंडेएवढी. ती त्या नळीत शिरणार कशी? शिरत नाहीच. ती उतरते खालच्या ओठात, जो आपण सुयांची निव्वळ म्यान समजून बाजूला टाकला होता. डास चावताना ओठ वाकतो, टोकाकडची पातळ त्वचा फाटते आणि अळी द्रवाच्या थेंबासह माणसाच्या कातडीवर पडते. मग सुयांनी पाडलेलं भोक तिला स्वतः शोधून आत सरकावं लागतं. हवा कोरडी असली तर ती कातडीवरच वाळून मरते.

शिवाय डासाच्या अंगात ती वाढते, पण तिची संख्या वाढत नाही. एक आत गेली तर फार तर एकच बाहेर येणार. मलेरियाच्या एका गाठीतून मात्र शेकड्यांनी, हजारांनी जंतू निघतात. म्हणून मलेरियाला एखादा डास पुरतो आणि हत्तीरोगाला वर्षानुवर्षं चावून घ्यावं लागतं. डास तोच, सोंड तीच, फक्त बाहेर पडायचं दार वेगळं.

या ओठानं जाणकारांनाही फसवलं होतं. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय इथं या अळ्या डासात वाढताना पाहिल्या, पण डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी प्यायल्यानं रोग होतो असा त्यांचा समज होता. १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी डासाच्या डोक्याचे पातळ छेद घेतले, तेव्हा अळ्या थेट सोंडेत पहुडलेल्या सापडल्या.

म्हणून एक वेगळी स्लाइड करून ठेवली: फक्त खालचा ओठ, सुयांशिवाय.

३ सप्टेंबर

घरमाशी. तिची सोंड एरवी डोक्याखाली दुमडलेली असते, मेलेल्या माशीत तर दिसतच नाही. युक्ती अशी की जिवंत माशीला जरा गार करून छाती चिमट्यानं हलकेच दाबायची, दाबानं सोंड फुगून बाहेर येते, तशीच धरून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. सोंडेच्या टोकाला दोन मऊ गाद्या, गाद्यांवर शेजारीशेजारी बारीक पन्हळी. मुलगी म्हणाली, जात्याच्या टाक्यांसारख्या. मला ही उपमा पुस्तकातल्या ‘स्पंज’पेक्षा आवडली. जबडे नाहीत, टोचायला सुई नाही.

मग साखरेचा प्रयोग केला. काचपट्टीवर खडीसाखरेचा खडा ठेवला, वर पेला उपडा, आत माशी. पन्हळींतून द्रवच चढतो, खडा नाही. म्हणून माशी आधी थेंब सोडते. तो थेंब लाळेचा असतो आणि पोटातल्या पिशवीतून उलटून आलेल्या आधीच्या जेवणाचाही. त्यात साखर विरघळली की ती पाक टिपते. अर्ध्या तासात काचेवर सात ठिपके मोजले, काही फिके, काही तपकिरी.

माशी इथंच रोग देते. जंतू तिच्या अंगात वाढावा लागत नाही, लाळग्रंथीपर्यंत जावा लागत नाही. उकिरड्यावरचं जेवण पिशवीत आहे, ते वरणावर उलटलं की काम झालं. हगवण, पटकी, विषमज्वर सगळे याच वाटेनं. डास आजारी माणसाला चावून दहा-बारा दिवस थांबतो, माशीला उकिरड्यावरून ताटावर यायला एक मिनिट पुरतं.

१० सप्टेंबर

मुलगा हसत आला. “मॅडम, घरमाशी चावत नाही म्हणता, आमच्या गोठ्यातली चावते. बैल दिवसभर पाय आपटतो.” डबीत आठ माश्या आणल्या होत्या. वरून पाहिल्या तर हुबेहूब घरमाशी, तोच करडा रंग, छातीवर त्याच चार रेघा. पालथी केली आणि फरक दिसला: डोक्याखालून काळी, कडक, टाचणीसारखी सोंड सरळ पुढे आलेली. ही स्टोमॉक्सिस, गोठ्यातली चावरी माशी.

आमच्या गाद्यावाल्या माशीचीच ही बहीण, पण तिच्या गाद्या आक्रसून टोकाला दात आलेत. डासाचा ओठ मागे वाकतो, हिचा ओठच कातडीत घुसतो. नर-मादी दोघंही रक्त पितात. टोचणं एवढं झोंबतं की जनावर शेपटी झाडतं, माशी अर्धपोटी उडते आणि लगेच शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेवरचं ओलं रक्त तसंच तिथं जातं. गुरांचा, उंट-घोड्यांचा सर्रा रोग नेणाऱ्यांत घोडमाशीबरोबर हिचंही नाव येतं, तो असाच, माखलेल्या सोंडेनं. ग्रिफिथ एव्हान्स यांना १८८० मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात सर्र्याचा परोपजीवी सापडला होता.

२० ऑगस्टला मी जे ठामपणे खोडलं, ‘दूषित रक्त दुसऱ्यात’, ते या माशीच्या बाबतीत खरं आहे. पोस्टरवाल्या मुलाला बोलावून सांगितलं. बाण तोच ठेव, डास खोडून ही माशी काढ.

१९ सप्टेंबर

फुलपाखरू पटकन झालं. कडीपत्त्यावरच्या अळीतून बाहेर आलेलं लिंबाचं फुलपाखरू होतं. अळीचं तोंड झुरळासारखं, पानाची कड कुरतडणारं. कोषातून बाहेर आल्यावर जबडे गेलेले आणि जंभिकांच्या दोन लांब पट्ट्या झालेल्या. पहिल्या काही मिनिटांत या पट्ट्या सुट्या असतात. ते त्या पुन्हा पुन्हा गुंडाळून उलगडून एकमेकींत अडकवतं, चेन लावल्यासारखी, आणि मधल्या पोकळीची नळी होते. जे अडकवताना चुकतं त्याला मध पिता येत नाही.

टिपणात मी लिहिलं: ‘टोचत नाही. रोग नेत नाही.’ मुलीनं वाचलं आणि म्हणाली, एकदा आमच्या बागेत या.

४ ऑक्टोबर

काल रात्री काटोलकडच्या बागेत होतो. आंबिया बहार पिवळा व्हायला लागलाय. तिच्या वडिलांनी खाली पडलेलं संत्रं उचलून हातात दिलं. “काकाजी, याला तर काहीच झालं नाही,” मी म्हटलं. “दाबून पाहा न जी.” दाबलं तर टाचणीएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी थेट चष्म्यावर. भोकाभोवती तांबूस, मऊ वर्तुळ. फोडलं तर त्या जागच्या फोडी कोरड्या, चोथ्यासारख्या.

साडेआठनंतर टॉर्च लावून फिरलो. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. पुढचे पंख वाळल्या पानाचे, मागचे नारिंगी. युडोसिमा. चार पकडले. एकाची सोंड फळात इतकी रुतली होती की ओढल्यावर संत्रं देठासकट हललं.

काकाजींची तक्रार अशी की दोनदा फवारणी केली, पैसे गेले, फळगळ तशीच. फवारा सालीवर बसतो, पतंग आत जेवतो आणि पहाटे उडून जातो. त्याची अळीही बागेत नसते, ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. तिथून वेल काढणं, पडलेली फळं रोज उचलून पुरणं, संध्याकाळी धूर करणं आणि गूळ-व्हिनेगरच्या विषारी आमिषाचे डबे टांगणं, एवढंच हाती आहे. काकाजी म्हणाले, “गुळवेल तर मीच राखली, काढ्यासाठी.”

फळ गळतं ते फक्त रस गेल्यामुळे नाही. भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, आणि त्या वासावर टोचू न शकणारे दुसरे पतंगही जमतात.

७ ऑक्टोबर

युडोसिमाची सोंड स्लाइडवर घेतली. बुडाकडे लिंबाच्या फुलपाखरासारखीच दोन पट्ट्यांची नळी. टोक मात्र कडक, गडद, भाल्यासारखं, त्यावर मागे वळलेले काटे. कॉस्टिकमध्ये रात्रभर ठेवूनही टोकाचा रंग गेला नाही.

पेटीच्या झाकणावर चार रकाने आधीच आखून ठेवले होते. स्टोमॉक्सिस ‘टिपणारी’त घालू की ‘टोचणारी’त, यावर मुलं दुपारभर भांडली. शेवटी रकाने पुसून भाऊंनी दुसरा कागद चिकटवला. आता प्रत्येक स्लाइडसमोर तीनच गोष्टी: कोणता भाग, आत काय जातं, बाहेर काय येतं. एकोणीस स्लाइड झाल्या. फुलपाखराच्या टिपणातल्या ‘टोचत नाही’ समोर मुलीनं पेन्सिलीनं लिहिलंय: ‘स्लाइड १९ पाहा.’